परशुराम आणि ख्रिस्त: अवतार व देहधारण यांवरचा तौलनिक निबंध कसा लिहावा

अवतार आणि देहधारण, म्हणजे देव ख्रिस्ताच्या रूपात मनुष्य झाला हा ख्रिस्ती सिद्धांत, या विषयावर पदवीचा विद्यार्थी निबंध लिहायला बसला, की बहुतेक वेळा आधी एक तक्ता तयार होतो. अवतार अनेक, देहधारण एकच. अवतार दुष्टांच्या नाशासाठी, ख्रिस्त पापांच्या क्षमेसाठी. अवताराचे शरीर मायेचे, ख्रिस्ताचे खरे. मग प्रत्येक ओळीचा एकेक परिच्छेद होतो आणि शेवटी दोन्ही धर्म प्रेमच शिकवतात असे म्हणून निबंध आटोपतो. या तक्त्यातली वाक्ये अगदी खोटी नाहीत. पण ती कोणत्या ग्रंथाची, कोणत्या आचार्याची, कोणत्या परिषदेची, हे त्यांत कुठेच दिसत नाही. परीक्षकाला नेमके तेच पाहायचे असते.

कोकणातल्या विद्यार्थ्याकडे या तक्त्यातून बाहेर पडायची एक वाट घरातच आहे. चिपळूणजवळच्या पेढे गावी परशुरामाचे देऊळ आहे. वसई आणि गोव्यात शेकडो वर्षांची चर्चे आहेत. आणि परशुराम हा दशावतारांतला असा अवतार आहे, ज्याच्यामुळे वरच्या तक्त्याची जवळजवळ प्रत्येक ओळ अडखळते. त्याचे अवतारकार्य संपले, पण तो गेला नाही. तो चिरंजीव आहे. त्याच्या हयातीतच पुढचा अवतार, राम, त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. तो विष्णू आहे की विष्णूचे तेज शिरलेला माणूस, यावर परंपरेतच मतभेद आहेत. म्हणून माझा सल्ला असा, की दहाही अवतार घेऊ नका, एकच परशुराम घ्या आणि त्याच्या आधाराने ख्रिस्ती सिद्धांताला एकच प्रश्न विचारा. तो प्रश्न कसा ठरवायचा आणि शेवटपर्यंत कसा न्यायचा, ते पुढे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात बसवा

‘अवतार आणि देहधारण यांतील साम्य व भेद स्पष्ट करा’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा, की त्याचे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘या अटीवर’ असे देता येईल. मी सुचवतो तो असा: देव मनुष्यरूपात आला असे म्हणताना त्या रूपात ‘मी’ म्हणणारा कोण असतो, आणि त्याच्यात वेगळा मानवी आत्मा असतो का?

हा प्रश्न दोन्हीकडे मुरलेला आहे, बाहेरून लादलेला नाही. वैष्णव आचार्यांनी अवतारांचे प्रकार पाडले ते याच प्रश्नापायी. चर्चमध्ये चौथ्या आणि पाचव्या शतकात जे वाद पेटले, तेही याच प्रश्नापायी. तुलनेचा प्रश्न योग्य आहे की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे. दोन्ही परंपरांतल्या लोकांनी तो स्वतःहून विचारलेला असावा, आणि चुकीचे उत्तर दिले तर काय बिघडते हेही त्यांनी सांगितलेले असावे. ‘येशू हा अवतार आहे का?’ हा प्रश्न या कसोटीला अर्धाच उतरतो. तो फक्त एका बाजूला पडतो आणि दुसरी बाजू नुसती मोजपट्टी होऊन बसते.

दुसरी पायरी: मूळ वचने आधी, त्यांवरची मते नंतर

हिंदू बाजूला सुरुवात गीतेच्या चौथ्या अध्यायापासून करा. श्लोक ५ ते ९ सलग वाचा. सगळे ‘यदा यदा हि धर्मस्य’ एवढेच उचलतात, पण सिद्धांताचा गाभा त्याच्या आधीच्या सहाव्या श्लोकात आहे: ‘अजोऽपि सन्नव्ययात्मा भूतानामीश्वरोऽपि सन् । प्रकृतिं स्वामधिष्ठाय संभवाम्यात्ममायया ॥’ जन्म नसलेला मी, अविनाशी मी, सगळ्यांचा ईश्वर असूनही स्वतःच्या प्रकृतीवर अधिष्ठित होऊन आपल्या मायेने जन्म घेतो. वादाची सगळी बीजे या एका श्लोकात आहेत.

आता याच श्लोकावरची दोन भाष्ये शेजारी ठेवा. शंकराचार्य म्हणतात, देव ‘देहवान इव’, ‘जात इव’ होतो, म्हणजे देह असल्यासारखा, जन्मल्यासारखा. परमार्थतः त्याचा जन्म इतर लोकांसारखा नाही. रामानुजाचार्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ईश्वर खरोखर येतो, आपले ईश्वरपण आणि कल्याणगुण जराही न सोडता येतो, आणि त्याचे शरीर खरे असते. फक्त ते आपल्यासारखे त्रिगुणांचे, कर्मातून मिळालेले नसते. ते अप्राकृत, दिव्य असते.

मराठी वाचकाने इथे ज्ञानेश्वरी उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याच श्लोकावर ज्ञानदेव लिहितात: ‘माझें अव्ययत्व तरी न नासे । परी होणें जाणें एक दिसे । तें प्रतिबिंबे मायावशें । माझ्याचि ठायीं ॥’ आणि थोडे पुढे: ‘तैसा अमूर्तचि मी किरीटी । परी प्रकृति जैं अधिष्ठीं । तैं साकारपणें नटें नटीं । कार्यालागीं ॥’ आरशात एकच दुसरे दिसते, तसे हे साकार होणे आहे. देव अमूर्तच राहतो आणि कार्यासाठी नटासारखा रूप धरतो. हे मत शंकराचार्यांच्या बाजूला झुकलेले आहे. पण लगेच पुढच्या ओव्यांत देव ‘आपुल्याचेनि कैवारें’, म्हणजे आपल्या माणसांची बाजू घेऊन, साकार होऊन अवतरतो असे ज्ञानदेव म्हणतात आणि तिथे जिव्हाळा भरून वाहतो. हे दोन्ही निबंधात आले पाहिजे. नाहीतर ‘अद्वैती अवताराला खोटा मानतात’ असे उथळ वाक्य हातून लिहिले जाते.

ख्रिस्ती बाजूला चार उतारे पुरेत. योहानाच्या शुभवर्तमानातला पहिला अध्याय, ज्यात ‘शब्द देही झाला’ हे वाक्य येते; इथे ‘शब्द’ म्हणजे देवपुत्र. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय, ओवी ६ ते ११, ज्यात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले असे म्हटले आहे. इब्री लोकांस पत्रातला चौथा अध्याय, जिथे तो आपल्यासारखा सर्व बाबतींत पारखला गेला, पण निष्पाप राहिला. आणि मार्कच्या तेराव्या अध्यायातली ३२वी ओवी, जिथे शेवटचा दिवस कधी येईल हे पुत्रालाही ठाऊक नाही, असे येशू स्वतः म्हणतो. हा चौथा उतारा विद्यार्थी हमखास टाळतात. पण आपल्या प्रश्नासाठी सगळ्यांत मोलाचा तोच आहे.

तिसरी पायरी: ख्रिस्ती सिद्धांत त्याने नाकारलेल्या उत्तरांतून समजून घ्या

फक्त बायबलची वचने देऊन थांबलात, तर देहधारणाचा सिद्धांत अर्धाच हाती येतो. तो पूर्ण घडला चर्चच्या बिशपांच्या परिषदांमध्ये, आणि प्रत्येक वेळी कोणते तरी उत्तर बाजूला सारून.

सगळ्यांत जुने नाकारलेले उत्तर म्हणजे ख्रिस्ताला शरीर असल्याचा केवळ भास झाला, हे. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातच त्याला विरोध आहे. मग चौथ्या शतकातल्या अपोलिनारिस या बिशपाचे उत्तर आले: शरीर खरे, पण त्यात मानवी बुद्धीच्या जागी साक्षात देवाचा शब्द होता. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ते नाकारले. का नाकारले, हे नाझियान्झसच्या ग्रेगरीने क्लेदोनियसला लिहिलेल्या पत्रात एका वाक्यात सांगितले आहे: जे धारण केले गेले नाही, ते बरेही झाले नाही. माणसाचे मनच आजारी असेल आणि ख्रिस्ताने माणसाचे मनच घेतले नसेल, तर ते मन बरे कसे व्हायचे?

त्यानंतर कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याचा वाद. त्याच्यावर आरोप होता, की तो ख्रिस्तात दोघांना वेगळे ठेवतो: एक देवपुत्र आणि एक मरियेचा मुलगा, ज्याच्यात तो देवपुत्र वस्ती करतो. वादाला तोंड फुटले ते मरियेला ‘देवाची माता’ म्हणावे की नाही यावरून. ४३१ साली एफेससच्या परिषदेने तसे म्हणावे असा निर्णय दिला, कारण तिने ज्याला जन्म दिला तो दुसरा कोणी नसून देवपुत्रच होता. नेस्टोरियसचे स्वतःचे मत आरोपात म्हटले होते तसेच होते का, याबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. म्हणून निबंधात ‘नेस्टोरियसवर आरोप असलेले मत’ असे लिहा.

शेवटी ४५१ साली खाल्सेदोनची परिषद. तिने म्हटले: एकच पुत्र, पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, विवेकी आत्मा आणि शरीर यांनी युक्त. त्याचे दोन स्वभाव एकमेकांत न मिसळता, न बदलता, न विभागता, न विलग होता एकत्र आहेत. हे चार नकार पाठ करा. तुलनेत त्यांचाच उपयोग होणार आहे.

चौथी पायरी: परशुरामाची कथा थर वेगळे करून मांडा

इथे कोकणातल्या विद्यार्थ्याची जमेची बाजूच अडचण होऊन बसते. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि आपली भूमी निर्माण केली, ही कथा लहानपणापासून इतकी ऐकलेली असते, की ती शास्त्रवचन असल्यासारखी निबंधात उतरते. म्हणून तीन थर वेगळे ठेवा.

पहिला थर महाकाव्यांचा. महाभारताच्या शांतिपर्वात परशुराम जिंकलेली पृथ्वी कश्यपाला दान देतो. मग त्याच्यासाठी सागर शूर्पारक देश तयार करतो, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा परिसर. दुसरा थर स्थळमाहात्म्यांचा. त्यात सह्याद्रिखंडासारखे ग्रंथ आणि बाणाच्या स्थानिक कथा येतात. परशुराम कोकणाशी कसा जोडला गेला हे त्यांतून कळते, पण त्याच्यात ईश्वर कसा होता याचा निर्णय त्यांवर टाकता येत नाही. तिसरा थर सिद्धांताचा: भागवत आणि वैष्णव आचार्य. आपला प्रश्न तिसऱ्या थराचा आहे, आणि पहिल्या थरातला फक्त एक प्रसंग त्याला लागतो.

तो प्रसंग वाल्मीकी रामायणाच्या बालकांडाच्या अखेरीस आहे, सर्ग ७४ ते ७६ च्या आसपास (आवृत्तीनुसार क्रमांक एखाद्याने मागेपुढे होतो). जनकाच्या घरून वरात अयोध्येला परतते आहे. परशुराम वाट अडवतो आणि रामाला वैष्णव धनुष्य चढवायला सांगतो. राम ते सहज चढवतो. त्याच क्षणी जामदग्न्य निर्वीर्य होतो, जडासारखा उभा राहतो आणि रामाकडे पाहत राहतो. मग तो रामाला ओळखतो, मधु दैत्याचा वध करणारा अक्षय्य देव तो तूच, असे म्हणतो आणि महेंद्र पर्वताकडे निघून जातो. नृसिंहपुराणात हेच अधिक उघड सांगितले आहे: परशुरामाच्या देहातून वैष्णव तेज निघते आणि सर्वांदेखत रामाच्या मुखात शिरते.

हा प्रसंग सावकाश वाचा. तेज गेले, तरी माणूस उरला. तो बोलतो, नमस्कार करतो, तपाला जातो. म्हणजे तेज आणि तो एकच नव्हते. यावरून आचार्यांनी परशुरामाला आवेशावतार म्हटले: एका जीवात ईश्वराच्या शक्तीचा काही कार्यापुरता प्रवेश. श्रीवैष्णव आचार्य पिळ्ळै लोकाचार्य ‘तत्त्वत्रय’ या ग्रंथात अवतारांचे मुख्य आणि गौण असे दोन भाग करतात, परशुरामाला गौण अवतारांत घालतात आणि मोक्षाची इच्छा असणाऱ्याने अशा अवतारांची उपासना करू नये असे स्पष्ट म्हणतात. भागवताच्या पहिल्या स्कंधाच्या तिसऱ्या अध्यायात परशुराम सोळावा अवतार म्हणून येतो, आणि त्याच यादीच्या शेवटी ‘एते चांशकलाः पुंसः कृष्णस्तु भगवान् स्वयम्’ असा निवाडा येतो: बाकीचे अंश आणि कला, कृष्ण मात्र स्वतः भगवान.

आता पेढ्याला जाऊन पाहा. तिथे परशुरामाची पूजा पूर्ण देव म्हणूनच होते. अक्षय्य तृतीयेच्या उत्सवाला येणाऱ्या भाविकाला गौण आणि मुख्य ही विभागणी ठाऊकही नसते. हा विरोध निबंधात लपवू नका. सिद्धांत आणि उपासना यांच्यातले असे अंतर ही पहिल्या प्रतीची सामग्री आहे. मात्र कोणते विधान ग्रंथाचे आणि कोणते देवळातल्या निरीक्षणाचे, ते प्रत्येक वेळी सांगा.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष तुलना, दोन्ही दिशांनी

आधी खाल्सेदोनचे चार नकार परशुरामाला लावून पाहा. आवेशात ईश्वर आणि जीव एकमेकांत मिसळत नाहीत, हे जुळते. ईश्वर बदलत नाही, हेही जुळते. पण ते विभागलेले आहेत का? हो, कारण शक्ती एकाची आणि जीव दुसरा. विलग होऊ शकतात का? हो, रामासमोर तसे झालेच. म्हणजे चारांपैकी दोन जुळतात आणि दोन तुटतात. नेस्टोरियसवर आरोप असलेल्या मताच्या जवळ परशुराम येतो तो नेमका इथे.

इथेच थांबलात, तर निबंध एकतर्फी झाला, कारण मोजपट्टी फक्त ख्रिस्ती होती. आता हिंदू मोजपट्टी ख्रिस्ताला लावा: अंश, आवेश की पूर्ण? ‘मी’ म्हणणारा कोण, या दृष्टीने चर्चच्या सिद्धांतातला ख्रिस्त पूर्णावताराजवळ जातो. त्याच्यात बोलणारा, करणारा देवपुत्रच आहे, देवाचा स्पर्श झालेला कोणी संत नव्हे. पण लगेच दुसरा प्रश्न येतो: त्याच्यात मानवी आत्मा आहे का? चर्च ठामपणे हो म्हणते. रामानुजांच्या मते राम-कृष्णांचे शरीर अप्राकृत आहे. तिथे कर्माने बांधलेला वेगळा जीव नसतो, ईश्वरच त्या शरीराचा आत्मा असतो. आणि तो सर्वज्ञता खरोखर सोडत नाही. मार्कमधला येशू मात्र ‘मला ठाऊक नाही’ म्हणतो आणि गेथशेमाने बागेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ अशी प्रार्थना करतो. या प्रार्थनेच्या आधारे चर्चने ६८१ साली, ख्रिस्तात दैवी आणि मानवी अशा दोन इच्छा आहेत, असाही निर्णय दिला.

या दोन्ही दिशा एकत्र ठेवल्या, की निबंधाचे मुख्य विधान हाती येते. ते मी असे मांडेन: श्रीवैष्णव विचारात कर्ता स्वतः ईश्वर असेल, जसा रामात, तर वेगळा मानवी जीव नसतो, आणि मानवी जीव असेल, जसा परशुरामात, तर ईश्वर त्यात काही काळ शिरलेला असतो. खाल्सेदोनचा सिद्धांत हे दोन्ही एकाच वेळी मागतो: कर्ता ईश्वर, आणि तरीही आत्मा संपूर्ण मानवी. दोन परंपरांतला खरा भेद ‘अनेक आणि एक’ या संख्येचा नसून इथे आहे.

असे का, हेही सांगा, नाहीतर विधान हवेत राहील. चर्चला दोन्ही हवेत, कारण त्याच्या दृष्टीने तारण म्हणजे माणसाचा स्वभावच आतून बरा होणे. ग्रेगरीचे वाक्य इथे पुन्हा लागू पडते. गीतेत अवताराचे कार्य साधूंचे रक्षण, दुष्टांचा नाश आणि धर्माची स्थापना असे आहे, आणि नवव्या श्लोकात त्यात भर पडते, की त्या दिव्य जन्म-कर्माचे तत्त्व जाणणारा पुन्हा जन्माला येत नाही. रक्षण करायला आणि जाणले जायला ईश्वराने जीवाचे बंधन स्वतःवर घेण्याची गरज नाही. उलट ते घेतले, तर तोही बांधला जाईल. जे एका बाजूला तारणाची अट आहे, तेच दुसऱ्या बाजूला ईश्वरपणाला बाधा आणणारे आहे. म्हणून कोणत्याही एका परंपरेत काही ‘राहून गेले’ असे लिहू नका. प्रत्येकीने आपल्या तारणविचाराला सुसंगत उत्तर दिले आहे.

मातेची कसोटी वापरून हे विधान आणखी तपासता येते. एफेससच्या निर्णयाने मरिया देवाची माता. परशुराम आवेशावतार मानला, तर रेणुका त्या जीवाची माता ठरते. पेढ्याच्या आवारात रेणुकेचे देऊळ आहे आणि तिची पूजा ती स्वतः देवी म्हणून होते. देवकीचा प्रसंग तिसराच. भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्ण प्रथम चतुर्भुज रूपात आईबापांसमोर प्रकट होतो आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत ‘बभूव प्राकृतः शिशुः’, म्हणजे साध्या बाळासारखा होतो. तीन माता, तीन उत्तरे. शब्दमर्यादा असेल तर या भागाला एकच परिच्छेद द्या, पण तो असू द्या.

सहावी पायरी: आपल्याच विधानावर हल्ला करा

चांगल्या परीक्षकाच्या डोक्यात येईल ते आधी तुम्हीच लिहा. मला दिसणारा सर्वांत मोठा आक्षेप युद्धकांडात आहे. सीतेच्या अग्निपरीक्षेच्या वेळी देव येऊन रामाला, तू देवांत श्रेष्ठ आहेस हे तुला कसे कळत नाही, असे विचारतात, तेव्हा राम म्हणतो: ‘आत्मानं मानुषं मन्ये रामं दशरथात्मजम्’. मी स्वतःला माणूसच मानतो, दशरथाचा मुलगा. मग रामातही मार्कच्या येशूसारखे खरे अज्ञान आहे का? तसे असेल तर वरचे विधान डळमळते. वैष्णव टीकाकार हे अज्ञान खरे मानत नाहीत. रावणाला देवांकडून मरण नव्हते, म्हणून रामाला माणूस म्हणूनच वावरायचे होते, असे ते त्याचे कारण देतात. म्हणजे काव्य जे उघडे ठेवते, ते सिद्धांत बंद करतो. निबंधात लिहा, की तुमचे विधान श्रीवैष्णव सिद्धांताबद्दल आहे, वाल्मीकींच्या काव्याबद्दल नाही. अशा अटीने विधान दुबळे होत नाही, उलट पक्के होते.

दुसरी मर्यादा अद्वैताची. जीव आणि ब्रह्म परमार्थतः वेगळेच नाहीत, असे मानणाऱ्याला ‘वेगळा मानवी आत्मा आहे का’ हा प्रश्नच शेवटी विरघळलेला दिसतो. म्हणून ज्ञानेश्वरीतला आरसा आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती शतकांतले भासाचे मत यांना सरसकट एक करू नका. भास मानणाऱ्या त्या गटांतल्या अनेकांना जड शरीर हीन वाटत होते, म्हणून देवाला ते असणे त्यांना नको होते. अद्वैतात अवताराचेच नव्हे, आपलेही शरीर त्याच पातळीवर आहे. कृष्णाचा देह मायेचा, तसाच अर्जुनाचाही. हा एक मुद्दा नीट लिहिलात, तर ‘अवताराचे शरीर मायेचे, ख्रिस्ताचे खरे’ ही तक्त्यातली ओळ आपोआप गळून पडते.

लिहिताना

तीन हजार शब्दांचा निबंध असेल, तर साधारण अशी वाटणी करा: प्रश्न आणि स्वतःची भूमिका तीनशे शब्दांत, गीता आणि दोन भाष्ये सहाशे, परशुराम पाचशे, परिषदा सहाशे, तुलना सातशे, आक्षेप आणि मर्यादा तीनशे. पहिल्या मसुद्यात परिषदांचा भाग फुगतो, कारण नावे आणि सने मिळाली की लिहीत सुटायला सोपे जाते. एखाद्या परिषदेचा उपयोग तुलनेच्या भागात पुढे झाला नसेल, तर ती काढून टाका. मी वर निकियाचे, म्हणजे ३२५ सालच्या परिषदेचे, नावही घेतले नाही ते यासाठीच. तिचा प्रश्न पुत्र खरोखर देव आहे का हा होता. आपला प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

भूमिकेबद्दलची दोन-तीन वाक्ये टाळू नका. धर्मांचा तौलनिक इतिहास बाहेर उभे राहून लिहिता येतो. तौलनिक ईश्वरविद्येत मात्र लेखक एका परंपरेत पाय रोवून दुसरीकडून शिकत असतो. फ्रान्सिस क्लूनी यांनी या शाखेला आज जे रूप दिले आहे, त्यात हीच अपेक्षा आहे. तुम्ही वारकरी घरातले असाल, वसईचे कॅथलिक असाल किंवा कशावरच श्रद्धा नसेल, तर तसे सांगा आणि त्यामुळे तुम्हाला कोणता मुद्दा समजायला जड गेला तेही सांगा. आधीच्या अभ्यासांपैकी जेफ्री पॅरिंडर यांचे १९७०चे पुस्तक आणि नोएल शेठ यांचा २००२चा लेख, हे दोन्ही याच विषयावरचे आहेत. ते वाचा, पण स्वतःचा मसुदा झाल्यावर. पॅरिंडर अवताराची बारा लक्षणे काढून ती ख्रिस्ताशी ताडून पाहतात. ती आधी वाचली, की आपला निबंधही नकळत तीच यादी होऊ लागतो.

आधाराला कोकणातलाच एक ग्रंथ घ्यायचा असेल, तर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण पाहा. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने येशूची कथा मराठी ओवीत लिहिली आणि ती १६१६ साली रायतूरला छापली गेली. त्यातला जन्मकथेचा भाग आणि ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातल्या वर दिलेल्या ओव्या शेजारी ठेवून वाचा. छंद तोच, वाचकही त्याच मातीतला, पण एकीकडे आरसा आणि नट आहेत, तर दुसरीकडे गोठ्यात जन्मलेले बाळ. हे निबंधाच्या मध्यभागी आणू नका, कारण काव्यावरून परिषदेचा सिद्धांत सिद्ध होत नाही. प्रस्तावनेत एक परिच्छेद शोभेल.

तुलनेच्या भागातला परिच्छेद प्रत्यक्षात कसा दिसावा, त्याचा नमुना देतो:

‘वाल्मीकी रामायणात रामाने वैष्णव धनुष्य चढवताच परशुराम निर्वीर्य होतो, पण नाहीसा होत नाही. नृसिंहपुराण यालाच तेजाचे स्थलांतर म्हणते. तेजाविना उरलेला हा परशुराम दाखवतो, की आवेशात ईश्वर आणि जीव यांचा संबंध तुटू शकतो. खाल्सेदोनने ख्रिस्ताबाबत हीच शक्यता नाकारली. मात्र आवेशाची संकल्पना वैष्णव विचारात त्याज्य नाही, ती अवतारांच्या श्रेणीतली एक पायरी आहे. चर्चला अशी श्रेणी ठेवता आली नाही, कारण तिथे तारण एकाच व्यक्तीवर अवलंबून आहे.’

या परिच्छेदात प्रत्येक वाक्याला एक ठिकाण आहे: एक काव्य, एक पुराण, एक परिषद, एक कारण. तुमच्या परिच्छेदातल्या वाक्यांना समासात असेच ठिकाण लिहून पाहा. ज्या वाक्यासमोर फक्त ‘हिंदू धर्म’ किंवा ‘ख्रिस्ती धर्म’ एवढेच लिहिता आले, ते वाक्य पुन्हा लिहा.

मसुदा झाला की तो दोघांना वाचायला द्या: एक नित्य गीता वाचणारा आणि एक चर्चमध्ये धर्मशिक्षण देणारा. दोघांनाही एकच विचारा: तुमच्या बाजूबद्दल मी जे लिहिले आहे, ते तुम्ही तुमचे म्हणून मान्य कराल का? बाकीच्या अर्ध्या भागावर त्यांचे मत मागू नका. ‘असे आम्ही मानत नाही’ हे उत्तर आले, तर आधी पाहा की तो आक्षेप ग्रंथातून आला आहे की उपासनेतून. परशुरामाला गौण अवतार म्हटलेले पेढ्याच्या भाविकाला पटणार नाही. तिथे वाक्य बदलायचे नाही, त्याच्यापुढे ‘पिळ्ळै लोकाचार्यांच्या मते’ हे ठळक दिसेल असे लिहायचे. पण गीता वाचणारा म्हणाला, की रामानुजांनी शरीर खरे मानले आहे आणि तुम्ही ते भास म्हणून लिहिले आहे, तर तो परिच्छेद मुळापासून पुन्हा लिहावा लागेल.